जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि रंगकाम: कामाचा क्रम, दर आणि मोठ्या फाइल पोहोचवणं

प्रश्न: मी फोटोशॉप बऱ्यापैकी शिकले आहे. लोकांचे जुने घरगुती फोटो दुरुस्त करून, रंगीत करून द्यायचं काम ऑनलाइन पैसे घेऊन करायचं आहे. काम कोणत्या क्रमाने करू, किती पैसे घेऊ आणि मोठ्या फाइल गिऱ्हाइकाला सुरक्षितपणे परत कशा पाठवू?

उत्तर:

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका. दुरुस्त केलेला कृष्णधवल फोटो हे एक काम आणि रंगीत फोटो हे दुसरं. दुरुस्तीत तुम्ही कागदावर जे आहे ते वर काढता. रंगात मात्र कागदावर जे नाही ते घालता, मग ते कितीही विचारपूर्वक घातलेलं असो. म्हणून या दोन्हींची मंजुरी वेगळी घ्यायची, पैसे वेगळे लावायचे आणि फाइलही वेगळ्या द्यायच्या. ही विभागणी पाळली की तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी होतात.

एक नेहमीचा नमुना घेऊन सांगतो. आठ बाय दहा इंचाचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, १९४० च्या दशकातला स्टुडिओतला जोडप्याचा फोटो. आजी खुर्चीत बसलेल्या, नऊवारी नेसलेल्या. आजोबा शेजारी कोट आणि टोपी घालून उभे, मागे रंगवलेला पडदा. फोटो पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला कसर लागलीय, आजोबांच्या खांद्यावरून भेग गेलीय आणि पूजेच्या वेळी लावलेल्या कुंकवाचा ओघळ आजींच्या कपाळावरून गालापर्यंत उतरलाय. महाराष्ट्रातल्या घरांतून असे फोटो सतत येतात.

गिऱ्हाईक पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर फोटोचा फोटो पाठवतं. तो अंदाज देण्यापुरता ठीक आहे, कामाला उपयोगाचा नाही. स्कॅन मागा आणि तो कसा हवा ते लिहून द्या: ६०० डीपीआय, रंगीत, १६ बिट, टिफ फाइल, आणि स्कॅनरमधलं शार्पनिंग, धूळ काढणं, रंगसुधारणा हे सगळं बंद. फोटो पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० डीपीआय. कृष्णधवल फोटो रंगीत का स्कॅन करायचा, असं स्कॅनिंगवाला हमखास विचारतो. त्याचं कारण खाली येईलच, पण इथे तडजोड करू नका. आपल्या नमुन्याचा स्कॅन ४८०० बाय ६००० पिक्सेलचा, म्हणजे साधारण १७३ एमबीचा होतो.

फोटो फ्रेममध्ये असेल तर पुढची पंचाईत. कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे फोटोवरचा जिलेटीनचा थर काचेला चिकटतो. गिऱ्हाइकाला बजावून सांगा की सोलायचा प्रयत्न करू नका, चेहराच काचेवर राहील. काचेसकट स्कॅन करता येतो, पण स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो आणि काचेला अगदी टेकलेल्या वस्तूपलीकडे त्याला नीट दिसत नाही. जुन्या जाड सीसीडी स्कॅनरला थोडी खोली मिळते. स्कॅन १०० टक्क्यांवर उघडून बघा. फ्रेमच्या काचेवरची धूळ रेखीव आणि चेहरा मऊ दिसत असेल, तर तो स्कॅन वाया गेला. अशा वेळी कॅमेरा फोटोला समांतर ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो काढणं बरं. फोटोच्या काळ्या भागावर चांदीसारखी झाक आली असेल, तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर फिल्टर लावून तो फिरवला की ती झाक जवळजवळ नाहीशी होते. जाळीदार पोताच्या कागदासाठी फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा, दोन्ही प्रती एकमेकींवर बसवून वरची अर्धी पारदर्शक करा. पोताच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच खोडून काढतात.

आता रंगीत स्कॅनचं कारण. फोटोशॉपमध्ये Channels उघडा आणि लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही वाहिन्या एकेक करून बघा. लाल वाहिनीत लाल रंग उजळ दिसतो, म्हणून कुंकवाचा ओघळ तिथे बहुतेक विरघळून जातो आणि त्याखालचं कपाळ, गाल आपसूक दिसायला लागतात. निळ्या वाहिनीत तोच ओघळ काळाकुट्ट. मग सगळाच फोटो लाल वाहिनीतून का घेऊ नये? कारण पिवळ्या पडलेल्या फोटोत उरलेली प्रतिमाही पिवळट तपकिरी असते आणि लाल वाहिनीत तीही फिकी पडते. डोळ्यांच्या पापण्या, साडीचा काठ, कोटाच्या घड्या हिरव्या किंवा निळ्या वाहिनीत जास्त ठसठशीत मिळतात. म्हणून मूळ प्रत हिरव्या वाहिनीची घ्यायची आणि फक्त कुंकवाच्या जागी मास्क लावून लाल वाहिनीचा तुकडा बसवायचा. तो तुकडा आजूबाजूच्या त्वचेशी जुळेपर्यंत कर्व्हज देऊन थोडा गडद करावा लागतो. असं केलं तर आजींचा गाल तुम्ही काढलेला नसतो, तो त्यांचाच असतो. हीलिंग ब्रशने तोच डाग पुसला असता तर तिथे शेजारची कातडी येऊन बसली असती. निळ्या शाईचा डाग असेल तर याच न्यायाने निळी वाहिनी बघा. स्कॅन ग्रेस्केलमध्ये आला असेल, तर यातलं काहीच करता येत नाही.

यानंतर दुरुस्ती. मी आधी पूर्ण फोटोचा उजेड-अंधार बसवतो, मग भेगा आणि फाटलेले भाग, शेवटी धूळ. उलट क्रमाने गेलात तर उजेड वाढवल्यावर नवे ठिपके दिसतात आणि काम दोनदा होतं. प्रत्येक गोष्ट रिकाम्या नव्या थरावर करा, मूळ थराला हात नको. भेग जिथे कोटाची कड ओलांडते तिथे हीलिंग ब्रश दोन्हीकडचे रंग कालवून धूर करतो, तिथे क्लोन स्टँप चालतो. कसर लागलेला कोपरा पडद्याचाच असेल तर पडद्यातूनच भरून काढा. दुरुस्त केलेल्या जागी फोटोचे मूळ कण नसतात, म्हणून ती जागा प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत दिसते. त्यावर तेवढाच बारीक नॉइज घाला. स्टुडिओचा उठावाचा शिक्का, पुठ्ठ्यावरची लिखावट, तारीख यांना धक्का लावू नका. पुढच्या पिढीला तो फोटो कुठे, कधी काढला हे त्यावरूनच कळणार आहे.

चेहऱ्याबद्दल मी फार कडक आहे. एक डोळा खराब झाला की दुसरा उलटवून चिकटवायचा मोह होतो. तसं केलं की बुबुळातला दिव्याचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो. स्टुडिओत मुख्य दिवा एकाच बाजूने असतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांतले ठिपके एकाच बाजूला असायला हवेत. शिवाय माणसाचे दोन डोळे कधी सारखे नसतात. घरच्यांना ते का ते सांगता येत नाही, पण ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ हे लगेच जाणवतं. म्हणून त्या व्यक्तीचा दुसरा एखादा फोटो मागा, शाळेचा, ओळखपत्राचा, कसाही चालेल. दुसरा फोटो नसेल आणि चेहऱ्याचा भाग खरोखरच गेलेला असेल, तर तो किती अंदाजाने भरावा लागेल ते आधी सांगा. समूहचित्रात मुगाच्या डाळीएवढा, मुळातच हललेला चेहरा असेल तर नकार द्या. स्कॅन कितीही वाढवला तरी कागदाचे कणच मोठे होतात, चेहरा उमटत नाही.

दुरुस्त कृष्णधवल प्रत तयार झाली की ती छोट्या आकारात, वॉटरमार्कसह पाठवा आणि एकच विनंती करा: ज्यांनी आजी-आजोबांना प्रत्यक्ष पाहिलंय अशा घरातल्या थोरल्या माणसाला दाखवा. नातवाने ‘मस्त’ म्हणणं आणि लेकीने ‘हो, आईच आहे’ म्हणणं यात फार फरक आहे. ही मंजुरी लेखी आल्याशिवाय रंगाला हात लावू नका, कारण नंतर चेहरा बदलला तर रंगाचे सगळे मास्क पुन्हा करावे लागतात.

रंगाच्या बाबतीत पहिला गैरसमज असा की राखाडी छटेवरून मूळ रंग ओळखता येतो. तसं नसतं. हिरवं आणि लाल कापड एकाच राखाडीत येऊ शकतं. त्यात जुन्या स्टुडिओंतली बरीच फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणूनच ती लाल दिव्याखाली धुता यायची. अशा फोटोत कुंकू काळं, ओठ गडद, लाल काठ कोळशासारखा आणि त्वचा मूळ रंगापेक्षा सावळी येते. निळं आकाश आणि निळं कापड मात्र पांढुरकं दिसतं. आपल्या नमुन्यात आजींच्या साडीचा काठ काळा दिसतोय. तो काळाही असेल, पण लाल असण्याची शक्यता बरीच जास्त. हे फोटोला विचारून कळत नाही, घरच्यांना विचारावं लागतं.

म्हणून माझी प्रश्नावली ठरलेली आहे. साडी कसली होती, ती किंवा तिचा तुकडा अजून कुणाकडे आहे का? इरकल असेल तर पदर लाल, ते कळलं की निम्मं काम झालं. बांगड्या काचेच्या की सोन्याच्या? नथीत मोती होते का? आजोबांची टोपी काळी की तपकिरी? डोळ्यांचा रंग? घारे डोळे घरात कुणाचे आहेत, हे विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. एक प्रश्न मात्र जपून विचारायचा. जुन्या ब्राह्मण घरांतल्या फोटोत डोक्यावर पदर घेतलेली, कपाळ मोकळं असलेली वयस्कर बाई असेल, तर ते लालसर आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, असू शकतं. त्याला हिरवा रंग आणि हातांत हिरव्या बांगड्या घालून फोटो परत गेला, तर त्या घराला काय वाटेल याचा विचार करा. सैनिकाचा फोटो असेल तर छातीवरच्या रिबिनी ओळखून रंगवा, मनाने नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणीच्या जवानाच्या फोटोत इटली स्टारची रिबीन सापडू शकते: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे. हे पट्टे राखाडीतही मोजता येतात. ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही, तिथे मी फिका, शांत रंग देतो आणि सोबतच्या टिपणात ‘हा रंग अंदाजाने’ असं लिहितो.

प्रत्यक्ष रंगवताना प्रत्येक वस्तूला वेगळा थर, वेगळा मास्क आणि ब्लेंड मोड Color. या मोडमध्ये रंग बदलतो, उजळपणा बदलत नाही, आणि तिथेच नवीन माणूस अडकतो. कोळशासारख्या काठावर लाल रंग दिला तरी तो काळाच राहतो. आधी त्या काठावर कर्व्हजचा थर घालून तो उजळायचा, मग लाल द्यायचा. असा उजळलेला काठ फक्त रंगीत प्रतीत ठेवा, कृष्णधवल प्रतीत नको. त्वचेला एकच रंग फासला की माणूस मेणाचा दिसतो. कपाळ जरा पिवळसर, गाल, नाक, कान लालसर, डोळ्यांखाली थोडी निळसर झाक, पुरुषाच्या हनुवटीवर राखाडी, असं वेगवेगळं द्या. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात पांढरेशुभ्र करू नका. शेवटी पूर्ण फोटोवर अगदी हलका उबदार थर दिला की सगळे रंग एकाच उजेडातले वाटतात. मग फोनवरही बघा, कारण गिऱ्हाईक तिथेच बघणार आहे. फोनवर रंग भडक वाटले, तर ते भडकच आहेत.

आता दर. फोटोच्या आकारावर दर लावू नका, नुकसानीवर आणि विशेषतः चेहऱ्यावरच्या नुकसानीवर लावा. आधी तासाचा दर काढा. समजा तुम्हाला महिन्याला ३०,००० रुपये सुटायला हवेत. चौकशा, फोनवर बोलणं, न ठरलेली कामं यात वेळ जातोच, तो वगळता पैसे मिळणारे तास महिन्याला १०० धरा. म्हणजे तासाला ३०० रुपये. सॉफ्टवेअरचं भाडं, वीज, डिस्क यांचा खर्च ३०,००० मध्ये धरला नसेल तर दर वाढवा. आपल्या नमुन्याचा हिशोब असा: वाहिन्या आणि कुंकू एक तास, पडदा-भेग-धूळ दीड तास, चेहरे दीड तास, बोलणं-दुरुस्त्या-फाइल पाठवणं एक तास. पाच तासांचे १,५०० रुपये ही दुरुस्ती. रंगाचे तीन तास म्हणजे ९०० रुपये वेगळे. एकूण २,४००. नुसत्या धुळीचा, पिवळेपणाचा फोटो तासाभरात होतो, तो ३०० ते ५०० मध्ये द्या. चेहरा गेलेला असेल तर स्कॅन बघितल्याशिवाय आकडा सांगूच नका.

‘ॲपमध्ये फुकट होतं’ हे ऐकावं लागेलच. त्यावर वाद घालू नका, आणि दरही पाडू नका. ज्याला फक्त स्टेटसला टाकायला रंगीत चित्र हवंय त्याला ॲप पुरे आहे, ते मनापासून सांगा. भिंतीवर १२ बाय १८ मध्ये लावायचा आहे, चेहरा आपल्याच माणसाचा हवा आहे, असं गिऱ्हाईक तुमचं.

निम्मे पैसे कामाआधी, उरलेले पूर्ण आकाराची फाइल देण्याआधी. रंगाच्या दुरुस्त्यांचे दोन फेरे दरात धरा आणि दुरुस्ती कशाला म्हणायचं ते आधीच लिहा. ‘साडी जांभळी नव्हती, मोरपंखी होती’ ही दुरुस्ती. ‘वारलेल्या काकांनाही शेजारी उभं करा’ हे नवं काम. असं जोडकाम करायला माझी ना नाही, लोकांना ते मनापासून हवं असतं. पण त्याचे पैसे वेगळे आणि फाइलच्या नावातच ते जोडचित्र असल्याचं लिहिलेलं असावं. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी तो खरा प्रसंग समजेल. देशातल्या गिऱ्हाइकांसाठी यूपीआय पुरतं. परदेशातल्या मराठी कुटुंबांकडून पेपल किंवा वाइजवर घ्या. पेपलने भारतातल्या भारतात पैसे घेणं एप्रिल २०२१ पासून बंद केलंय, त्यामुळे ते परदेशी कामापुरतंच. तिथे शुल्क आणि चलनबदलात पैसे कापले जातात, ते दरात आधीच धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तरी एकदा सीएला विचारून घ्या.

फाइल परत देताना प्रत्येक फोटोचे तीन प्रकार द्या: दुरुस्त कृष्णधवल टिफ, रंगीत टिफ, आणि दोन्हींच्या जेपीईजी प्रती एसआरजीबीमध्ये, एक छपाईसाठी पूर्ण आकाराची आणि एक फोनसाठी लहान. जेपीईजी आधी पाठवा. टिफ बऱ्याच फोनच्या गॅलरीत उघडत नाही आणि मग ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो. थरांची फाइल तुमच्याकडेच ठेवा. ती २ जीबीच्या पुढे गेली तर पीएसडीऐवजी पीएसबी म्हणून साठवावी लागते.

कृष्णधवल टिफ १६ बिट आणि रंगीत टिफ ८ बिट ठेवली, तर एका फोटोच्या दोन्ही टिफ मिळून साधारण १४५ एमबी. ईमेलला तेवढंही जड, पण व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जातं. फोटो म्हणून पाठवलंत तर ते आकार कमी करतं. चाळीस फोटोंचा अल्बम मात्र सहा जीबीच्या घरात जातो. त्यासाठी ड्राइव्हसारखी जागा लागते, आणि इथे बहुतेकजण `Anyone with the link` निवडून मोकळे होतात. ती लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर जाते, तिथून आणखी पुढे, आणि कुणाच्या हातात पडली ते कुणालाच कळत नाही. `Restricted` ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या ईमेललाच परवानगी द्या. खात्री करायची तर लिंक इनकॉग्निटो खिडकीत उघडा. लॉगिन न मागता फोटो दिसले तर लिंक सगळ्यांसाठी खुली आहे. ड्राइव्ह मोठा फोल्डर उतरवताना त्याचे अनेक झिप तुकडे करतो आणि एखादा तुकडा राहून जातो. म्हणून एकूण फाइल किती ते लिहून द्या आणि मोजून घ्यायला सांगा.

कागदपत्रं, लहान मुलं, खाजगी पत्रं असं काही अल्बममध्ये असेल, तर सेव्हन-झिपने कुलूपबंद तुकडे करून पाठवतो:

```
7z a -t7z -mx=1 -mhe=on -p -v1g album.7z album/
sha256sum album.7z.*
```

`-mhe=on` मुळे आतल्या फाइलची नावंही दिसत नाहीत, `-v1g` ने एकेक जीबीचे तुकडे होतात, आणि `-p` नंतर तो पासवर्ड विचारतो. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. दुसऱ्या ओळीत येणारे आकडे गिऱ्हाइकाला पाठवा. विंडोजवर ते `certutil -hashfile album.7z.001 SHA256` असं करून ताडून बघता येतात. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी तो तुकडा पुन्हा उतरवायचा. हे सगळं गिऱ्हाइकाला झेपणार नसेल तर आग्रह धरू नका. साठीतल्या मावशींना सेव्हन-झिप शिकवण्यापेक्षा पेनड्राइव्ह पाठवणं सोपं. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह नीट उघडल्याचा फोन येईपर्यंत तुमच्याकडची प्रत हलवू नका.

पोहोच मिळाली की लिंकची परवानगी काढून टाका. मी स्कॅन आणि तयार फाइल दोन महिने ठेवतो, आणि पुसण्याची तारीख कामाच्या सुरुवातीलाच लिहून देतो, कारण काही जणांची पेनड्राइव्ह खरंच हरवते. पुसायच्या दिवशी व्हॉट्सॲपमधल्या, डाउनलोड फोल्डरमधल्या आणि बॅकअपमधल्या प्रतीही पुसाव्या लागतात. आपल्या पानावर आधीचा-नंतरचा नमुना म्हणून फोटो लावायचा असेल तर परवानगी वेगळी आणि लेखी घ्या. ती दर सांगतानाच्या निरोपात गुंडाळून मागू नका, आणि परवानगी दिल्याबद्दल सूटही देऊ नका, नाहीतर गरजेपोटी हो म्हटलं जातं.